दुकानाची दहा वर्षं आणि कॅप्शनमधला एक आकडा

या दसऱ्याला, म्हणजे २ ऑक्टोबर २०२५ ला, आमच्या मिक्सर-पंखा दुरुस्तीच्या दुकानाला दहा वर्षं झाली. दुकान सांगलीत आहे. दुरुस्ती हे करतात, काउंटर, गल्ला आणि पावती पुस्तकं माझ्याकडे असतात. वर्धापनदिनाला गिऱ्हाइकांचे आभार मानणारी चार ओळींची पोस्ट टाकायची एवढंच ठरलं होतं, पण त्या चार ओळींतल्या एका आकड्यासाठी सगळा पितृपक्ष गेला. काय काय करावं लागलं ते लिहून ठेवते. दिवाळी-पाडव्याला किंवा अक्षय्य तृतीयेला ज्यांच्या दुकानाला वर्ष पूर्ण होतंय, त्यांना उपयोग होईल.

सुरुवात गणपतीत झाली. भाचा पुण्याहून आला होता. त्याला डिझाइनचं चांगलं कळतं, त्यानं हौसेनं एक पोस्ट करून दाखवली. वर दुकानाचं नाव, खाली "दशकपूर्ती! हजारो समाधानी ग्राहक, दिवसेंदिवस वाढता विश्वास, सांगली जिल्ह्यातील नंबर १ सर्व्हिस". दिसायला देखणी होती. ह्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली आणि विचारलं, "हजारो म्हणजे किती?" भाचा म्हणाला, "मामा, असंच लिहितात सगळे." त्यावर हे म्हणाले, "मग वाचणाऱ्यालाही ते असंच वाटणार." मला ते पटलं. आपण गिऱ्हाइकाला "कार्बन गेलाय, एवढे होतील" असं नेमकं सांगतो, मग आभार मानताना मोघम का बोलायचं?

"नंबर १" तर लगेच काढलं. आमच्या टॅक्सचं काम बघणारे काका म्हणाले, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अशा जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत दंड करता येतो. जून २०२२ मध्ये त्यांच्या मार्गदर्शक सूचना आल्या. त्या कोणत्याही माध्यमातल्या जाहिरातीला लागू आहेत, म्हणजे आमच्या इन्स्टाग्रामच्या पोस्टलाही. गल्लीतल्या दुकानावर कोण कारवाई करणार, हा भाग वेगळा. पण जिल्ह्यात पहिला नंबर कुणी काढला असं विचारलं तर दाखवायला आमच्याकडे काहीच नव्हतं.

मग दहा वर्षं हा आकडा तरी नक्की आहे ना, ते तपासलं. गुमास्ता परवान्यावरची तारीख नोव्हेंबर २०१५ ची निघाली, कारण अर्ज दुकान उघडल्यावर केला होता. भाडेकरार ऑक्टोबरपासूनचा होता आणि पूजेच्या फोटोवर २२ ऑक्टोबर २०१५ छापलेलं होतं. तो दसऱ्याचा दिवस. इंग्रजी तारखेनं मोजलं तर २ ऑक्टोबरला दहा वर्षांना वीस दिवस कमी पडत होते. म्हणून "दसरा २०१५ ते दसरा २०२५" असंच लिहायचं ठरलं. तुम्ही मुहूर्तावर दुकान उघडलं असेल आणि या वर्षीची विक्री मागच्या वर्षीशी ताडून बघणार असाल तर हे लक्षात ठेवा. २०२२ च्या दसऱ्यापासून २०२३ च्या दसऱ्यापर्यंत ३८४ दिवस होते, कारण मध्ये अधिक श्रावण आला. त्याच्या पुढचं दसरा-वर्ष ३५४ दिवसांचं. तिथीनं तुलना केली तर धंदा न वाढता वाढलेला दिसतो, आणि पुढच्या वर्षी न घटता घटलेला.

आता खरा प्रश्न, आकडा कोणता द्यायचा. वर्षाची उलाढाल माझ्याकडे तयार होती, पण त्यात नवीन पंखे आणि सुट्या भागांची विक्रीही येते. शिवाय दहा वर्षांत भाव इतके बदललेत की रुपयांतली वाढ आमच्या कामाबद्दल फारसं काही सांगत नाही. गिऱ्हाइकांची संख्या काढायला गेले तर एकाच घरातून आई, मुलगा आणि सून तीन वेगळ्या मोबाइल नंबरांवर पावती करतात, आणि एकाच नंबरावर आख्ख्या बिल्डिंगचे मिक्सर आणणारे एक वॉचमनदादाही आहेत. घरं किती ते पावत्यांवरून कळायला मार्ग नाही. राहता राहिल्या दुरुस्त्या. पंखा, गिझर बघायला हे घरी जातात तेव्हा पावती होतेच असं नाही. मिक्सर मात्र पावतीशिवाय दुकानात ठेवूनच घेत नाही, कारण एकाच कंपनीचे एकाच रंगाचे चार मिक्सर फळीवर असले की कुणाचा कुठला हे पावतीच सांगते. म्हणून मिक्सर मोजायचे ठरलं.

पण पावत्या दहा वर्षांच्या नव्हत्या. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात दुकानात पाणी शिरलं आणि त्याआधीची सगळी पुस्तकं गेली. चिखल काढताना ती एका पोत्यात भरली होती, पानं एकमेकांना चिकटून वीट झाली होती. वरची दोन-चार पानं सोडवून बघितली, कार्बनची निळी शाई पसरून पान नुसतं आभाळी झालेलं. जुलै २०२१ ला पुन्हा पाणी चढायला लागलं तेव्हा पुस्तकं आधी माळ्यावर टाकली, म्हणून ती आहेत. त्यामुळे १ सप्टेंबर २०१९ च्या आधीचा आकडा माझ्याकडे नाही. "सहा वर्षांचं माहितीय, त्यावरून दहाचा अंदाज काढू," असं भाच्यानं सुचवलं. ते काही केलं नाही. अंदाज लिहायचा तर मग "हजारो" काय वाईट होतं?

पितृपक्षात दुकानात वर्दळ कमी असते, ७ सप्टेंबरला अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी मोजायला बसलो. मला वाटलं होतं की शेवटचा पावती नंबर वजा पहिला नंबर, झालं काम. तसं होत नाही. छापखान्यानं दर खेपेला पुस्तकं १ पासून छापली होती, त्यामुळे ४१२ नंबरच्या पावत्या आमच्याकडे अनेक. एका पावतीवर कधी मिक्सर आणि इस्त्री दोन्ही, कधी नुसता पंखा. एकेक पान उलटण्याला पर्याय नव्हता.

मोजण्याआधी नियम लिहून भिंतीवर चिकटवला, आणि हे सगळ्यात उपयोगाचं ठरलं. पावतीवर मिक्सरची मोटर आली असेल तर धरायची, फक्त जार आणला असेल तर धरायचा नाही. मी आणि मुलगी, दोघींनी प्रत्येक पुस्तक वेगवेगळं मोजलं, चार उभ्या आणि एक आडवी अशा रेघा मारत, आणि मोजून झालं की आकडा आपापल्या कागदावर लिहिला. दोघींचा आकडा जुळला तरच पुस्तक बाजूला, नाहीतर पुन्हा. जिथं जुळलं नाही तिथं बहुतेक वेळा जोडपावतीच निघाली. हे काम एकटीनं करू नका. सलग पानं उलटताना डोळा पुढं पळतो आणि चूक झालीय हे कळतही नाही.

पानं उलटताना मी मधेच थांबत होते. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१९ ची पुस्तकं वाचवत नव्हती. ह्यांच्या अक्षरात पावतीमागून पावती एकच शेरा, "चिखल. धुणे. वाळवणे." पुराचे मिक्सर लोक पोत्यात घालून आणायचे. ते उघडायचे, स्वच्छ पाण्यानं धुवायचे, उन्हात आणि मग शंभरच्या बल्बखाली वाळवायचे. मोटरचं इन्सुलेशन मेगरवर बघायचं. काटा एक मेगओहमच्या खाली असला की प्लग लावायचाच नाही, पुन्हा वाळवायचं. घाई करून लावला तर वाइंडिंग जळतं, नाहीतर बॉडीला करंट येतो. त्या पावत्यांवर रकमेची जागा बहुतेक मोकळी आहे किंवा नुसती सामानाची किंमत आहे, कारण ज्याचं घर पाण्यात होतं त्याच्याकडून मजुरी घ्यायची नाही असं ह्यांनी ठरवलं होतं. रुपयांचा आकडा दिला असता तर हे महिने आमचे सगळ्यात वाईट महिने दिसले असते. आणि याच लोकांपैकी काहीजण त्याआधी आमचं दुकान धुवायला खराटे घेऊन आले होते.

सगळी पुस्तकं मोजून मिक्सरच्या पावत्या आल्या ५,३१७. मी खूश झाले, भाच्याला फोनही केला. संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर त्यांनी विचारलं, "यातले दुरुस्त किती झाले?" पावती म्हणजे मिक्सर आला एवढंच. आर्मेचर जळलं असेल तर खर्च नव्या मिक्सरच्या जवळ जातो, मग लोक "राहू दे" म्हणून घेऊन जातात. असे आणि ज्यांचे भागच मिळत नाहीत असे मिळून ३८८ निघाले. ४६ मिक्सर दुरुस्त होऊनही कुणी न्यायला आलं नाही, ते तेव्हा माळ्यावरच होते. शेवटी परत आलेले. दुरुस्तीला आम्ही तीन महिन्यांची हमी देतो. तीच तक्रार घेऊन मिक्सर परत आला की नवी पावती करत नाही, जुन्या पावतीच्या स्थळप्रतीवर लाल पेनानं "प" आणि तारीख टाकतो. तसे "प" १२१ होते. मला ते वजा करायचे नव्हते, कारण दुसऱ्या खेपेला ते फुकट नीट करून दिलेच होते. ह्यांचं म्हणणं वेगळं होतं. "ज्याला दोन हेलपाटे पडले त्याला आपण मिरवायच्या आकड्यात धरायचं नाही." वाद घातला, पण आता त्यांचंच बरोबर वाटतं. ५,३१७ मधून ३८८, ४६ आणि १२१ गेले, राहिले ४,७६२.

यात एक बारीक गोष्ट आहे, ती मुलीनं पकडली. जो मिक्सर गेल्या महिन्यात दुरुस्त होऊन गेला त्याचे तीन महिने अजून व्हायचेत. तो परत येणार नाही असं आज कसं म्हणायचं? म्हणून मोजणी ३१ मे २०२५ ला थांबवली. त्यानंतर तीन महिने होऊन गेलेत, त्यातला कुठलाही मिक्सर आता हमीत नाही. वर दिलेले सगळे आकडे ३१ मे पर्यंतचेच आहेत. जून ते ऑगस्टच्या पावत्यांचा वेगळा गठ्ठा बांधून ठेवलाय. तुमच्या धंद्यात परत येण्याची मुदत असेल, मग ती शिलाईची असो, फर्निचरची असो की चष्म्याची, तर मोजणीची शेवटची तारीख तेवढी मागं घ्या.

आकडा हातात आला आणि खरी अडचण सुरू झाली, ती त्या आकड्यापुढं कुठला शब्द लिहायचा याची. पहिल्यांदा लिहिलं "४,७६२ मिक्सर दुरुस्त". ते चूक होतं. आमच्या एका जुन्या गिऱ्हाईक काकू एकच मिक्सर तीन वेगळ्या वर्षी घेऊन आल्यात, एकदा कपलर तुटला म्हणून, एकदा कार्बनला, एकदा बुश जाम झाला म्हणून. दुरुस्त्या तीन, मिक्सर एकच. मग लिहिलं "४,७६२ समाधानी ग्राहक". ते तर दुप्पट चूक. ग्राहक मोजलेच नाहीत, आणि समाधानाचं मला काय माहीत? कुणी वैतागून दुसरीकडं गेला असेल तर त्याची खूण माझ्या पुस्तकात कुठंच नाही. पुस्तक एवढंच सांगतं की तीच तक्रार घेऊन तो माणूस तीन महिन्यांत आमच्याकडं परत आला नाही. मग तेवढंच लिहायचं. आकडा गोल करून "जवळपास ५,०००" करायचा मोह भाच्याला झाला. मी नको म्हटलं, कारण २३८ दुरुस्त्या झालेल्याच नाहीत.

कॅप्शन किती मोठी हवी याचाही विचार केला. इन्स्टाग्रामवर २,२०० अक्षरं चालतात, पण स्क्रोल करणाऱ्याला सुरुवातीच्या दोनेक ओळीच दिसतात, बाकी दाबल्यावर उघडतं. त्यामुळे धन्यवाद आणि आकडा दोन्ही पहिल्या दोन ओळींत हवेत. "पाहता पाहता दहा वर्षे सरली" वगैरे सुरुवात केली की आकडा आतच राहतो. शेवटी हे ठरलं:

"दसरा २०१५ ते दसरा २०२५, दहा वर्षं झाली, मनापासून धन्यवाद! तुम्ही आणलेले मिक्सर ४,७६२ वेळा दुरुस्त होऊन घरी गेले आणि तीच तक्रार घेऊन तीन महिन्यांत परत आले नाहीत.

हा आकडा १ सप्टेंबर २०१९ ते ३१ मे २०२५ चा, आमच्या पावती पुस्तकांतून मोजलेला. त्याआधीची पुस्तकं महापुरात गेली. पुरानंतर खराटे घेऊन दुकान धुवायला आलात ते आम्ही विसरलेलो नाही.

जे मिक्सर परत आणावे लागले त्यांचे हेलपाटे आमच्या लक्षात आहेत. दसऱ्याच्या शुभेच्छा. दुकान दसऱ्याला दुपारपर्यंत उघडं आहे."

फोटोसाठी भाच्यानं पावत्यांच्या गठ्ठ्याचा जवळून फोटो काढला होता. छान आला होता, पण वरच्या पावतीवर गिऱ्हाइकाचं नाव आणि मोबाइल नंबर स्वच्छ वाचता येत होता, म्हणून तो बाद केला. दुसऱ्या फोटोत एका कंपनीच्या मिक्सरचं नाव ठळक दिसत होतं. आम्ही कुठल्याही कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर नाही, बघणाऱ्याचा तसा समज व्हायला नको. शेवटी १ ऑक्टोबरला खंडेनवमीच्या पूजेचा फोटो घेतला. पाटावर पक्कड, पाने, सोल्डरिंग गन, मेगर, हळदकुंकू आणि झेंडूची फुलं, आणि बाजूला पावती पुस्तकांचा बंद गठ्ठा.

पोस्ट त्याच संध्याकाळी टाकली. दसऱ्याच्या सकाळी सगळ्यांच्या फोनवर सोन्याच्या शुभेच्छांचा पाऊस असतो, त्यात आपलं कुणी वाचत नाही. व्हॉट्सअॅपवरही पाठवली. तिथं एका ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ च नंबर बसतात, आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून पावतीवर "हा नंबर सेव्ह करून ठेवा" असं छापून घेतलेलं बरं. पोस्ट बूस्ट करायला पैसे घातले नाहीत. सगळा खर्च म्हणजे एक वही, दोन पेनं आणि आम्हा दोघींच्या दुपारी.

लाइक नेहमीपेक्षा फार वेगळे आले असं नाही. फरक पडला तो लोक काय बोलले त्यात. आधी अशा पोस्टखाली "अभिनंदन" आणि हात जोडलेले यायचे. या वेळी लोकांनी प्रश्न विचारले. मिरजेच्या एका ताईंनी लिहिलं, "परत किती आले तेही सांगा ना." मोजणी समोरच होती, लगेच १२१ लिहून टाकलं. हे म्हणाले, बरं झालं वजा केले होते, नाहीतर आता सारवासारव करत बसलो असतो. एका काकांनी पुराच्या वेळचा त्यांचा मिक्सर अजून चालतोय म्हणून स्वयंपाकघरातला व्हिडिओ पाठवला. माळ्यावरच्या ४६ पैकी एक मिक्सर दिवाळीच्या आधी मालकीणबाई येऊन घेऊन गेल्या. पोस्ट वाचून आठवलं म्हणाल्या.

आता पुढच्या मोजणीची सोय करून ठेवलीय. नवीन पावती पुस्तकं छापायला टाकताना छापखान्यात सांगितलं की नंबर १ पासून नको, मागच्या पुस्तकाच्या पुढं चालू ठेवा. जादा पैसे पडले नाहीत, फक्त मागच्या पुस्तकाचं शेवटचं पान दाखवावं लागलं. पावतीच्या खालच्या कोपऱ्यात चार चौकटी घेतल्यात, दुरुस्त, नको म्हणाले, नेला नाही आणि परत. खूण काउंटरवरच करायची. मिक्सर, पंखा आणि इस्त्रीला वेगळ्या पावत्या. महिना संपला की त्या महिन्याची बेरीज शेवटच्या पानामागं लिहायची आणि पानाचा मोबाइलवर फोटो काढून मुलीला पाठवायचा. ती पुण्यात असते, तिथं कृष्णेचं पाणी पोचत नाही. ऑक्टोबरचं पान पाठवून झालंय, दिवाळीमुळं त्यात ९४ मिक्सर आहेत. त्यांच्या चौथ्या चौकटीचं काय ते फेब्रुवारीत कळेल.